कुत्र्याचा जुनाट आंत्रविकार: आहाराने आटोक्यात येणारा की स्टेरॉइड लागणारा?

कुत्र्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ जुलाब होत असतील, अधूनमधून उलट्या होत असतील, भूक मंदावून वजन घटत असेल आणि जंत, जंतुसंसर्ग, यकृत, मूत्रपिंड किंवा स्वादुपिंड यांपैकी कशातही कारण सापडत नसेल, तर त्या अवस्थेला जुनाट आंत्रविकार म्हणतात. यात आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ सूज राहते. अन्नातील प्रथिने, आतड्यातील जिवाणू आणि कुत्र्याची स्वतःची प्रतिकारयंत्रणा यांच्यातला तोल बिघडल्याने ही सूज येते.

या विकाराचे प्रकार सुजेच्या रूपावरून ठरत नाहीत, कुत्रा कशाने बरा होतो यावरून ठरतात. आहार बदलल्याने जो आटोक्यात येतो तो आहार-प्रतिसादी. आहाराने न सुधारता स्टेरॉइडसारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने जो सुधारतो तो औषध-प्रतिसादी. कशालाच दाद न देणारे थोडे कुत्रे तिसऱ्या गटात जातात. पूर्वी प्रतिजैविकांनी बरा होणारा असा आणखी एक गट मानत. मात्र मेट्रोनिडॅझोलसारख्या औषधांनी आलेला उतार बहुधा तात्पुरता असतो आणि आतड्यातले उपयोगी जिवाणूही त्याने मरतात, म्हणून आता उपचाराची सुरुवात प्रतिजैविकाने करत नाहीत.

आहार-प्रतिसादी गट सर्वांत मोठा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०३ कुत्र्यांच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश कुत्रे केवळ आहार बदलल्याने सुधारले आणि सुमारे पाचव्या हिश्श्याला स्टेरॉइड लागले. त्यामुळे साध्या रुग्णाच्या बाबतीत फारसा पेच नसतो. आधी आहार बदलायचा आणि वाट पाहायची. रक्तातील अल्ब्युमिन आणि कोबालमिन हे दोन्ही कमी असले, की पेच उभा राहतो.

दोन आकडे काय सांगतात

अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे रक्तातले मुख्य प्रथिन आहे. रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांच्या आत धरून ठेवण्याचे काम मुख्यतः तेच करते. निरोगी कुत्र्यात त्याचे प्रमाण साधारणपणे २.६ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असते. आतड्याच्या अस्तराला सूज आली किंवा त्यातल्या लसिकावाहिन्या फुगून फुटू लागल्या, की हे प्रथिन आतड्यात गळते आणि विष्ठेवाटे निघून जाते. गळती यकृताच्या निर्मितीपेक्षा जास्त झाली, की रक्तातले प्रमाण उतरते. ते २ च्या खाली आले की काळजी वाढते आणि १.५ च्या आसपास आले की पोटात पाणी साठण्याची, पायांवर सूज येण्याची शक्यता बरीच असते. रक्त गोठू न देणारी काही प्रथिनेही याच वाटेने गळतात. त्यामुळे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अचानक गुठळी अडकून असा कुत्रा दगावू शकतो.

कोबालमिन म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते शोषले जाण्यासाठी एका वाहक प्रथिनाची गरज असते आणि कुत्र्यात हे वाहक प्रथिन मुख्यतः स्वादुपिंडातून येते. दोघांची जोडी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचते आणि तिथल्या ठरावीक ग्राहकांमार्फत जीवनसत्त्व आत घेतले जाते. म्हणून कोबालमिन कमी निघाले तर तीन शक्यता तपासाव्या लागतात. आतड्याचा तो शेवटचा भाग बिघडलेला असेल, स्वादुपिंड पाचकरस करत नसेल, किंवा आतड्यात माजलेले जिवाणूच ते जीवनसत्त्व वापरून टाकत असतील. अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठाची प्रयोगशाळा २५१ ते ९०८ नॅनोग्रॅम प्रति लिटर ही सामान्य मर्यादा धरते, पण ४०० च्या खाली असलेल्या आजारी कुत्र्यालाही पूरक मात्रा द्यावी असे मानले जाते.

कोबालमिनची कमतरता हा आजाराचा नुसता परिणाम राहत नाही. आतड्याचे अस्तर सतत नव्या पेशींनी भरून निघत असते आणि पेशी विभागण्यासाठी हे जीवनसत्त्व लागते. ते नसेल तर अस्तर भरून येत नाही, भूक मरते, वजन आणखी घटते. अशा कुत्र्याला योग्य आहार दिला तरी तो पुरेसा सुधारत नाही आणि ‘आहाराचा उपयोग झाला नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

२००७ मध्ये कारिन अलेनस्पाख आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्ब्युमिन २ च्या खाली आणि कोबालमिन २०० च्या खाली असणे ही दोन्ही वाईट भवितव्याची लक्षणे ठरली. त्यामुळे असे आकडे दिसले की थेट स्टेरॉइड सुरू करण्याची पद्धत पडली. पण ‘भवितव्य वाईट असू शकते’ आणि ‘स्टेरॉइडशिवाय इलाज नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. अल्ब्युमिन गळत असलेल्या यॉर्कशायर टेरियर कुत्र्यांपैकी काही केवळ आहारावर सुधारल्याची नोंद झाली आहे. जपानमधील एका अभ्यासात स्टेरॉइडला दाद न दिलेल्या किंवा मात्रा कमी करताच उलटलेल्या कुत्र्यांपैकी बहुतेक अतिशय कमी चरबीच्या आहाराने सुधारले. थोडक्यात, हे आकडे आजाराचा प्रकार सांगत नाहीत. आहाराची परीक्षा घ्यायला हाताशी किती वेळ आहे, एवढे मात्र ते सांगतात.

आधी इतर कारणे वगळणे

अल्ब्युमिन कमी आहे म्हणजे ते आतड्यातूनच गळते आहे, असे गृहीत धरता येत नाही. मूत्रपिंडातून गळत असेल तर लघवीतील प्रथिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर ०.५ च्या वर जाते. यकृत ते तयारच करत नसेल तर पित्ताम्लांची तपासणी बिघडलेली दिसते. अल्ब्युमिनसोबत ग्लोब्युलिन हे दुसरे प्रथिनही कमी असेल तर आतड्यातील गळतीचा संशय बळावतो, कारण आतड्यातून दोन्ही गळतात. महाराष्ट्रात आणि भारतात इतरत्र या तुलनेला विशेष महत्त्व आहे. गोचिडांमधून पसरणाऱ्या एर्लिकिया संसर्गातही अल्ब्युमिन उतरते, पण त्यात ग्लोब्युलिन बहुधा वाढलेले असते. अर्थात दोन्ही आजार एकाच कुत्र्याला असू शकतात, म्हणून गोचीडतापाची तपासणी वेगळी करावी लागते.

यानंतर तीन गोष्टी उरतात. पहिली जंत आणि जिआर्डिया. विष्ठेची तपासणी निर्दोष आली तरी बरेच पशुवैद्यक फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिलिग्रॅम या मात्रेत पाच दिवस देऊन ही शक्यता मिटवतात. दुसरी अॅड्रिनल ग्रंथींची मंदता. तिची लक्षणे आंत्रविकारासारखीच असतात आणि अल्ब्युमिनही उतरते. रक्तातील मूळ कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ही शक्यता जवळजवळ बाद होते. ही तपासणी स्टेरॉइड देण्याआधीच करायला हवी, कारण प्रेडनिसोलोन दिल्यावर हा आकडा विश्वासार्ह राहत नाही. तिसरी म्हणजे स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडणे. जर्मन शेफर्डमध्ये हा विकार विशेष आढळतो. रक्तातील ट्रिप्सिनसदृश घटकाच्या, म्हणजे टीएलआय, चाचणीने तो ओळखता येतो आणि २.५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर किंवा त्याहून कमी आकडा आला तर निदान पक्के होते. हा विकार चुकला तर आहार आणि स्टेरॉइड दोन्ही वाया जातात, कारण त्या कुत्र्याला हवी असतात ती पाचक विकरे.

पोटाच्या सोनोग्राफीत आतड्याच्या आतील थरात पांढऱ्या उभ्या रेषा दिसल्या तर लसिकावाहिन्या फुगल्याचा संशय येतो. एखादा भाग जाड होऊन त्याचे थर पुसले गेले असतील तर कर्करोगाचा विचार करावा लागतो.

आहाराची परीक्षा

आहाराची परीक्षा म्हणजे कुत्र्याला ‘हलके’ अन्न देणे नव्हे. त्यात एकतर हायड्रोलाइज्ड खाद्य देतात. या खाद्यातील प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची प्रतिकारयंत्रणा ती ओळखत नाही. नाहीतर कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले प्रथिन देतात. आपल्याकडच्या घरांत कुत्रा बहुतेक वेळा दूध-चपाती, वरणभात, अंडी आणि चिकन खात आलेला असतो. त्याला उकडलेले चिकन आणि भात देणे ही परीक्षा ठरत नाही, कारण चिकनच आजाराचे मूळ असू शकते. त्याने कधी न खाल्लेला मासा आणि बटाटा हा घरगुती पर्याय होऊ शकतो. मात्र असे साधे घरगुती अन्न काही आठवड्यांपुरतेच ठीक. पुढे ते चालू ठेवायचे असेल तर कॅल्शियम आणि इतर पोषकांचा हिशेब जाणकाराकडून करून घ्यावा लागतो.

अल्ब्युमिन कमी असेल तर दुसरी अट येते. लसिकावाहिन्यांवरचा ताण अन्नातील चरबीमुळे वाढतो, म्हणून आहारात चरबीही कमी हवी. पहिल्या आहाराने काम झाले नाही तर दुसरा निवडताना सर्वप्रथम चरबी आणखी खाली आणतात.

दाद मिळायची असेल तर ती बहुधा दोन आठवड्यांत दिसते. जुलाब आधी थांबतात, अल्ब्युमिन मागाहून चढते. कुत्र्याच्या रक्तात अल्ब्युमिनचे अर्धे आयुष्य सुमारे आठ दिवसांचे असते, त्यामुळे गळती आज थांबली तरी आकडा सामान्य व्हायला काही आठवडे जातात. चौदाव्या दिवशी तो सामान्य नाही म्हणून आहार फसला असे ठरवणे चूक. मात्र तो उतरत चालला असेल तर थांबणेही चूक.

कोबालमिन पहिल्या दिवसापासून द्यायचे. प्रचलित पद्धतीत वजनानुसार २५० ते १५०० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन दर आठवड्याला एक अशी सहा, मग महिन्याने आणखी एक आणि त्यानंतर महिन्याने रक्ततपासणी. रोज तोंडाने दिलेल्या गोळ्यांनीही पातळी तितकीच चांगली वाढते, हे स्वीडनमधील पशुवैद्यक लिंडा टोरेसन यांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे.

परीक्षा बहुधा घरातच फसते. सकाळच्या चहासोबत दिलेले बिस्कीट, आजींनी ताटाखाली टाकलेला चपातीचा तुकडा, शेजाऱ्यांनी दिलेले हाड, चघळायचा रॉहाइड, मांसाच्या चवीची गोचीड किंवा जंतांची गोळी, यांपैकी काहीही पुरते. म्हणून घरातल्या प्रत्येकाला नियम ठाऊक हवा आणि पोटात गेलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायला हवी.

एक नमुना रुग्ण

समजा, पाच वर्षांचा एक नर जर्मन शेफर्ड आहे. सात आठवडे त्याला दिवसातून चार-पाच वेळा बरीच सैल विष्ठा होते, आठवड्यातून एखादी उलटी होते, तो थोडा मलूल आहे, भूक थोडी कमी आहे. वजन ३३ किलोंवरून २८ वर आले आहे. दोनदा मेट्रोनिडॅझोल दिले, दोन्ही वेळा चार दिवस बरे वाटले आणि पुन्हा जुलाब सुरू झाले. तो दूध-चपाती, चिकन-भात आणि चिकनचे तयार खाद्य खात आला आहे.

त्याचे अल्ब्युमिन १.७, ग्लोब्युलिन १.९, म्हणजे दोन्ही कमी. लघवीतील गुणोत्तर ०.२, पित्ताम्ले सामान्य, कॉर्टिसॉल ४, टीएलआय १४, गोचीडतापाची तपासणी निर्दोष. कोबालमिन १७०. सोनोग्राफीत आतडे किंचित जाड, पण थर शाबूत, पोटात पाणी नाही.

आजाराची तीव्रता मोजायला पशुवैद्यक एक गुणतक्ता वापरतात. त्यात नऊ बाबींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण असतात. या कुत्र्याला उत्साहाचा १, भुकेचा १, उलटीचा १, विष्ठेच्या सैलपणाचे २, संख्येचे २, वजन दहा टक्क्यांहून जास्त घटल्याचे ३, अल्ब्युमिनचा १ आणि सूज व खाज यांचे शून्य, असे ११ गुण मिळतात. नऊ ते अकरा म्हणजे तीव्र आजार.

दोन्ही आकडे वाईट असले तरी तो खातो आहे, पोटात पाणी नाही आणि अल्ब्युमिन १.५ च्या वर आहे. म्हणजे दोन आठवडे हाताशी आहेत. त्याला कमी चरबीचे हायड्रोलाइज्ड खाद्य सुरू होते, बाकी सगळे बंद होते आणि आठवड्याला ८०० मायक्रोग्रॅम कोबालमिनचे इंजेक्शन ठरते. सातव्या दिवशी अल्ब्युमिन पुन्हा मोजतात. ते १.७ वरच आहे, पण उतरलेले नाही आणि विष्ठा दिवसातून तीनदा व घट्टसर होते आहे. म्हणून परीक्षा चालू राहते. चौदाव्या दिवशी विष्ठा दोनदा, उलटी नाही, भूक पूर्ववत, वजन २८.८ किलो, अल्ब्युमिन २.१. गुण ४ वर आले आहेत आणि त्यातले ३ अजून भरून न आलेल्या वजनाचे आहेत. सहाव्या आठवड्यात वजन ३१.५ किलो, अल्ब्युमिन २.७ आणि गुण १. हा कुत्रा आहार-प्रतिसादी निघाला. सुरुवातीला स्टेरॉइड दिले असते तरी तो सुधारलाच असता आणि ते त्याला उगाच महिनोन्‌महिने घ्यावे लागले असते.

एरवी निदान पक्के करायला जुना आहार पुन्हा देऊन आजार उलटतो का, हे पाहतात. अल्ब्युमिन एवढे उतरलेल्या कुत्र्यात तो धोका पत्करू नये.

स्टेरॉइडची वेळ

आता याच कुत्र्याचे अल्ब्युमिन सातव्या दिवशी १.४ वर गेले असते तर? मग पुढचे पाऊल एंडोस्कोपी. त्यात लहान आतड्याच्या दोन्ही टोकांचे नमुने घेणे चांगले, विशेषतः कोबालमिन कमी असताना शेवटच्या भागाचे. नमुन्यांतून लसिकाग्रंथींचा कर्करोग किंवा फुगलेल्या लसिकावाहिन्या कळतात. पण सूज आहाराने जाणारी की औषधाने, हे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही. दोन्हींत चित्र सारखेच दिसते. नमुने स्टेरॉइडच्या आधी घ्यावेत, कारण स्टेरॉइडने कर्करोगही काही काळ दबतो आणि निदान हुकते.

प्रेडनिसोलोन साधारणपणे किलोमागे रोज १ ते २ मिलिग्रॅम सुरू करतात. मोठ्या कुत्र्यांत मात्रा खालच्या टोकाला ठेवतात, कारण त्यांना तहान, धाप आणि स्नायू झिजण्याचा त्रास जास्त होतो. सुधारणा टिकली की दर दोन-तीन आठवड्यांनी मात्रा सुमारे चतुर्थांशाने उतरवतात. पुरेसा उपयोग होत नसेल किंवा दुष्परिणाम सोसत नसतील तर सायक्लोस्पोरिन किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम किंवा क्लोरॅम्ब्युसिल जोडतात. कमी चरबीचा आहार आणि कोबालमिन या काळातही थांबवायचे नाही.

कुत्रा आला तेव्हाच अल्ब्युमिन १.२, पोटात पाणी आणि अन्नावर वासना नाही, अशी स्थिती असेल तर आहाराची स्वतंत्र परीक्षा घ्यायला वेळ नसतो. तेव्हा आहार, कोबालमिन आणि स्टेरॉइड एकत्रच सुरू होतात, गुठळी टाळायला क्लोपिडोग्रेल देतात आणि आयोनाइज्ड कॅल्शियमही तपासतात, कारण प्रथिनांसोबत ड जीवनसत्त्वही गमावले जाते. या कुत्र्याला नेमके कशाने बरे वाटले, हे त्या वेळी कळत नाही. ते नंतर शोधायचे असते. अल्ब्युमिन स्थिर झाल्यावर आहार जसाच्या तसा ठेवून आधी स्टेरॉइड उतरवायचे आणि प्रत्येक पायरीवर अल्ब्युमिन मोजायचे. स्टेरॉइड शून्यावर येऊनही कुत्रा ठीक राहिला, तर यापुढे त्याला आहार पुरेसा आहे. एका ठरावीक मात्रेखाली आजार उलटला, तर त्याला खरोखर औषधाची गरज आहे. आहार आणि स्टेरॉइड एकदमच कमी केले तर ही माहिती कायमची हुकते.

सगळे नीट करूनही काही कुत्रे हाती लागत नाहीत. प्रथिनगळतीच्या आंत्रविकारावरील अभ्यासांच्या २०१९ मधील एका आढाव्यात निम्म्याहून अधिक कुत्रे या आजाराने दगावल्याचे आढळले. म्हणून तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या जुलाबात अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि कोबालमिन मोजून घेण्याचा आग्रह पालकांनी धरावा. प्रतिजैविकाचा तिसरा कोर्स घेण्याआधी ‘आहाराची परीक्षा कोणती घ्यायची आणि अल्ब्युमिन पुन्हा कधी मोजायचे?’ हे पशुवैद्यकाला विचारावे.